तिसऱ्या रांगेतली रेघ

नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी स्वेटर घालून काम करणारी माणसं फार नसतील. मी त्यातली एक होते, आणि तो स्वेटर माझा नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेच्या टोकाला कोल्ड रूम आहे. जाड दाराची, बिनखिडकीची, चार अंशावर ठेवलेली छोटी खोली. बाहेर रस्ते ओस पडलेले असायचे, कुलरमधून गरम वाफ यायची आणि आत मात्र बोटं आखडायची. दाराच्या मागे एक खुंटी, तिच्यावर विटकरी रंगाचा, हातानं विणलेला स्वेटर. तो ताईचा. ताई म्हणजे माझ्या आधी याच टेबलावर पीएच.डी. करणारी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी मुलगी. कुहीकडच्या एका खेड्यातली, घरची धानाची शेती. आदल्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली. तिचा स्वेटर तिथून काढायचा कुणाला धीर झाला नाही. मला तर थंडीही वाजत होती, म्हणून मी तो घातला. उसनं अवसान आणून घातला असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

ताईनं धानातलं एक प्रथिन शोधलं होतं. शेतातलं पाणी तुटलं की हे प्रथिन डीएनएवरच्या एका ठरावीक खुणेला जाऊन चिकटतं आणि तिथलं जनुक जागं करतं, असं तिचं म्हणणं. ते चिकटतं हे दाखवायची रीत सोपी आहे. डीएनएचा छोटा तुकडा घ्यायचा, ज्यात ती खूण आहे. त्याला एक लेबल लावायचं, म्हणजे शेवटी फिल्मवर तो दिसेल. मग त्याला प्रथिनाबरोबर बसू द्यायचं आणि पातळ, पारदर्शक जेलमधून विजेच्या ओढीनं पळवायचं. मोकळा तुकडा भराभर तळाला जातो. ज्याला प्रथिन चिकटलंय तो मागे राहतो, कडेवर पोर घेतलेली बाई बाजारात मागे पडते तसा. फिल्मवर तळाशी एक रेघ आणि वर, बरीच वर, दुसरी रेघ. वरची रेघ म्हणजे ताईचं प्रथिन.

ताईच्या फिल्मवर ती रेघ होती. आमच्या गाइड सरांनी लेख जर्नलला पाठवला, तिचं नाव पहिलं. लेख परत आला तेव्हा ती नव्हती. तपासणाऱ्यांनी एकच गोष्ट मागितली होती, आणि रास्त मागितली होती: हे प्रथिन त्याच खुणेला चिकटतं की दिसेल त्या डीएनएला? ते दाखवायला तीन रांगा जास्त लागतात. एका रांगेत बिनलेबलचा तोच तुकडा दोनशे पट घालायचा. प्रथिन त्याच्यामागे गेलं तर लेबलवाल्याला कुणी उरत नाही, वरची रेघ नाहीशी होते. आणखी एका रांगेत बिनलेबलचाच, पण खुणेतली अक्षरं बदललेला तुकडा तेवढाच घालायचा. त्याच्याकडे प्रथिनानं ढुंकूनही पाहायला नको, म्हणजे रेघ राहायला हवी. आणि शेवटच्या रांगेत या बिघडवलेल्या तुकड्यालाच लेबल लावायचं, तिथं वर रेघ उमटायलाच नको.

सरळ काम. पण आमच्याकडे प्रथिन नव्हतं. हिवाळ्यात एकदा वीज गेली, डीप फ्रीझर बंद पडला आणि तो बंद आहे हे कळायला दोन दिवस लागले. प्रथिन बनवणारे जिवाणू, साठा, सगळं गेलं. नव्यानं करायचं तर सहा-आठ महिने, आणि लेखाच्या दुरुस्तीची मुदत महिन्याची. शेवटी शेजारच्या विभागाच्या फ्रीझरमध्ये ताईनं ठेवलेल्या तीन ट्यूब सापडल्या. करंगळीच्या पेराएवढ्या. झाकणावर तिच्या बारीक अक्षरात तारीख, बाजूला प्रथिनाचं नाव. एका ट्यूबमध्ये एका जेलपुरतं. तिनं स्वतःच्या हातानं गाळून, भरून ठेवलेलं.

सर म्हणाले होते, "जमलं तर तिच्या नावानं छापू. नाही जमलं तर लेख मागे घ्यावा लागेल. मग नवीन प्रथिन, नवीन काम, नवीन माणसं. तिचं नाव आभारात."

आभारात. मला त्या शब्दाचा इतका राग आला की मी सरांसमोरच तोंड फिरवलं. पण सरांचं चूक नव्हतं. ज्याचा पुरावा नाही ते छापायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

पहिल्या दिवशी मी जेल कोल्ड रूममध्ये लावायला निघाले तर आमचे अटेंडंट भाऊ, वीस वर्षं इथं काढलेला माणूस, दारापाशीच थांबले. बर्फाचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला.

"मी अंदर नाही येत मॅडम."

"काहून?"

"त्या मॅडम काम करून राहिल्या अंदर." त्यांनी हे असं सांगितलं, जणू बाथरूममध्ये कुणी आहे. "आवाज येते. टक टक टक. तीन वेळा. तुम्ही आयका."

मी हसले. भाऊ हसले नाहीत. ताईची सवय आम्हा दोघांनाही ठाऊक होती. ट्यूबमध्ये काहीही घातलं की ती तिला नखानं तीन टिचक्या मारायची, झाकणाला लागलेला थेंब खाली यावा म्हणून. तीनच. दोन नाहीत, चार नाहीत. मी चिडवायचे, "ताई, मंत्र म्हणून राहिली का?" ती म्हणायची, "थेंब वाया जात नाही वं. तुले काय समजते."

आत गेल्यावर दार मागे बंद झालं. पंख्याची घरघर. मी कान देऊन उभी राहिले आणि काहीच ऐकू आलं नाही. जेलमध्ये नमुने घालायला वाकले तेव्हा आलं. टक टक टक. भिंतीच्या आतून, किंवा पंख्याच्या मागून. मग बराच वेळ नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "पंखा ढिला झालाय." माझाच आवाज मला परका वाटला.

त्या दिवशीची माझी हुशारी सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. प्रथिन मोजकं. प्रत्येक रांगेसाठी वेगळं वेगळं घेतलं तर पिपेटच्या टोकाला दर वेळी थोडं चिकटून वाया जातं, आणि कमीजास्तही होतं. म्हणून मी एकत्र मिश्रण केलं: बफरचं द्रावण, इकडेतिकडे चिकटणं थांबवायला घालतात तो फालतू डीएनए, ताईचं प्रथिन आणि लेबलवाला तुकडा. सगळं एका ट्यूबमध्ये, अर्धा तास बर्फावर. मग ते सारखं वाटून, ज्यात हवे त्यात बिनलेबलचे तुकडे शेवटी घातले, आणखी वीस मिनिटं ठेवलं. बिघडवलेल्या लेबलवाल्या तुकड्यासाठी तेवढं वेगळं केलं. एक थेंब सांडला नाही. माझे वडील हिंगण्याच्या कारखान्यात पंचवीस वर्षं होते, माल वाया गेला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. तो गुण माझ्यात आलाय, असं मी तेव्हा कौतुकानं स्वतःला सांगितलं.

जेलमधला माल नायलॉनच्या पडद्यावर उतरवला, बाकीचे सोपस्कार केले आणि डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फिल्म रसायनात बुडवली. पांढुरक्या फिल्मवर हळूहळू काळं उगवायला लागलं. आधी तळाच्या जाड रेघा, पाचही रांगांत. मग वर.

पहिली रांग, नुसता तुकडा: वर काही नाही, बरोबर. दुसरी, तुकडा आणि प्रथिन: रेघ. तिसरी, जिथं रेघ नाहीशी व्हायला हवी होती: रेघ. तेवढीच काळी, तेवढ्याच उंचीवर. चौथीतही रेघ. तिन्ही ठिकाणी ती एकसारखी उभी होती. लाल उजेडात माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करते. दोनशे पट घालूनही ती जागची हलली नव्हती.

दुसऱ्या ट्यूबच्या वेळी मी बिनलेबलचे तुकडे चारशे पट घातले. आत पुन्हा टक टक टक झालं. फिल्मवर तिसऱ्या रांगेतली रेघ होती तशीच.

सरांनी दोन्ही फिल्म खिडकीशी धरून पाहिल्या. "हे कशालाही चिकटतंय," ते म्हणाले. मग फिल्म आणखी जवळ धरून: "पण मग पाचवी रांग?"

पाचवी रांग दोन्ही फिल्मवर स्वच्छ होती. बिघडवलेला लेबलवाला तुकडा तळाला होता, चांगला काळा, म्हणजे लेबल लागलं होतं. वर काही नाही. म्हणजे प्रथिनाला बिघडलेली खूण ओळखता येत होती. कशालाही चिकटणारं प्रथिन याला का सोडेल? तिसरी रांग सांगत होती ताई चुकली. पाचवी सांगत होती ताई बरोबर. एकाच फिल्मवर, चार बोटांच्या अंतरावर.

"सोमवारी तिची आई येतेय," सर म्हणाले. "फोन आला होता. त्यांना काय ते सांगावं लागेल. एक ट्यूब आहे तुझ्याकडे. विचार करून वापर."

शनिवार-रविवार मी ताईच्या वह्या घेऊन बसले. कुलरसमोर, खोलीत, ओला पंचा डोक्यावर. मी या वह्या आधीही पाहिल्या होत्या, पण फक्त आकडे उतरवून घ्यायला. किती बफर, किती प्रथिन, किती मीठ. या वेळी मी काहीच शोधत नव्हते. अक्षर बघत होते. मेलेल्या माणसाचं अक्षर त्याच्या फोटोपेक्षा जास्त जिवंत वाटतं, आणि त्याची भीतीही जास्त वाटते. काही पानांवर तिच्या चहाचे डाग होते.

प्रत्येक पानावर सामानाच्या यादीत एका नावाशेजारी लाल पेनाचा ठिपका होता. कुंकवाएवढा. आधी वाटलं शाई गळलीय. पण प्रत्येक पानावर, आणि प्रत्येक वेळी लेबलवाल्या तुकड्याशेजारी. आणि प्रत्येक वेळी तो तुकडा यादीत सगळ्यात खाली. त्याच्या वर एक ओळ मोकळी. शेवटच्या पानावर, ताप यायच्या आदल्या दिवशी, कुणी मागण्याआधीच, तिनं याच तीन रांगांची यादी करून ठेवली होती. त्या मोकळ्या ओळीत लिहिलं होतं: १० मि.

आणि मला ते आठवलं. मी नवीन होते तेव्हा तिनं मला हा प्रयोग दाखवला होता. सगळं घालून झालं, ती थांबली, घड्याळ पाहत बसली. मी विचारलं, "आता कोणाची वाट पाहून राहिली?"

"नवरी शेवटी येते वं मांडवात," ती म्हणाली. "आधी मांडव भरू दे, पाव्हणे बसू दे. मंग नवरी आणू." आणि लेबलवाला तुकडा घालून तिनं तीन टिचक्या मारल्या. मी हसले होते. मला तो नुसता विनोद वाटला होता.

मी नवरीला आधीच आणून बसवलं होतं. काटकसरीच्या नादात, सगळ्यांना सारखं वाटावं म्हणून प्रथिन आणि लेबलवाला तुकडा अर्धा तास एकत्र ठेवला होता. आणि ताईच्या प्रथिनानं एकदा आपली खूण धरली की ते सुटत नव्हतं. तासन् तास सुटत नव्हतं. मग मागून दोनशे पट येवोत नाहीतर चारशे, त्याचे हात भरलेले. बिनलेबलच्यांना आधी, दहा मिनिटं आधी आत सोडलं असतं तर प्रथिनानं त्यांनाच धरलं असतं. प्रथिन वाईट नव्हतं. ते इतकं पक्कं होतं की माझ्या चुकीनं ते खोटं दिसलं. काही वाया जाऊ नये म्हणून मी जे केलं, त्यानं दोन ट्यूब वाया घालवल्या होत्या. मी रडले. स्वतःच्या हुशारीवर रडू येणं हा प्रकार मला नवीन होता.

सोमवारी सकाळी ताईची आई आली. बारीक अंगाची, हिरवं लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात तांदळाची पिशवी. एसटीनं आली होती. व्हरांड्यात बाकावर बसली आणि मला विचारलं, "तू तिची दोस्तीन होय ना? माह्या पोरीचं छापून येईन का, बाई? गावात सगळे इचारते. मी सांगतलं हाये, येईन म्हणून."

"आज कळेल," मी म्हटलं. खोटं बोलवेना.

"मंग बसतो मी."

मी स्वेटर घातला. शेवटची ट्यूब बर्फावर वितळू दिली. पाच छोट्या ट्यूब ओळीनं मांडल्या. बफर, फालतू डीएनए. पहिली सोडून बाकीच्यांत प्रथिन, वेगवेगळं, टोकाला थोडं वाया जातंय ते जाऊ देत. तिसरीत बिनलेबलचा खरा तुकडा, चौथीत बिघडवलेला. मग हात मागे घेतले आणि दहा मिनिटं उभी राहिले.

दहा मिनिटं थंडीत नुसतं उभं राहणं फार लांबतं. पंख्याची घरघर. माझ्या अंगावर तिचा स्वेटर, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत. माझ्या मागे कुणीतरी घड्याळ पाहत बसलंय असं मला वाटत होतं, आणि मी वळले नाही. भीती वाटत होती हे खरं. पण जे कुणी होतं ते जाऊ नये असंही वाटत होतं, तेही तितकंच खरं.

टक टक टक.

मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं होऊन गेली होती. मी लेबलवाला तुकडा घातला, शेवटी. पाचवीत बिघडवलेला लेबलवाला. पंखाच असेल. मी आजही पंखाच म्हणते. पण नंतर तो दुरुस्त करायला माणूस आला तेव्हा म्हणाला, यात ढिलं काहीच नाही मॅडम.

जेल संपायला, पडदा धुवायला, सगळं व्हायला संध्याकाळ झाली. आई तिथंच होती. भाऊंनी तिला जेवायला घातलं होतं. डार्करूममध्ये मी एकटी. फिल्म रसायनात सोडली. तळाच्या रेघा आल्या, पाच. मग वर, दुसऱ्या रांगेत रेघ. चौथ्या रांगेत रेघ. पाचवीत नाही. मी तिसऱ्या रांगेकडे पाहत राहिले. ट्रे हलवत राहिले. एरवी फिल्मवर काही उगवावं म्हणून आपण जीव टाकतो. मी काही उगवू नये म्हणून उभी होते. मिनिट झालं, दोन झाली. तिसऱ्या रांगेत वर नुसतं कोरं होतं.

सरांनी फिल्म पाहिली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हिचंच नाव पहिलं." मग ते आत निघून गेले. त्यांना आईसमोर थांबणं जमलं नाही.

मी ओली फिल्म व्हरांड्यात नेली, उतरत्या उन्हासमोर धरली आणि आईला वरची रेघ दाखवली. "ही ताईची."

तिनं बोट लांबवलं, पण फिल्मला लावलं नाही. "आन इथं काहून नाही?" तिचं बोट तिसऱ्या रांगेतल्या कोऱ्या जागेवर थांबलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. की तिथून ती गेली, म्हणूनच ती खरी आहे हे सिद्ध झालं. की तिथं उरली असती तर छापलं नसतं. मला नीट सांगता येत नव्हतं. आई ऐकत राहिली. तिला किती कळलं मला माहीत नाही. ती म्हणाली, "म्हंजे येईन ना छापून?"

"येईल. तिच्याच नावानं."

तिनं मान हलवली आणि विचारलं, "तिच्या हातचं काही हाये का इथं?"

माझ्या खिशात ती शेवटची, रिकामी ट्यूब होती, टाकून द्यायला जीव झाला नव्हता. मी ती तिच्या तळहातावर ठेवली. झाकणावर लेकीचं अक्षर. तिनं ट्यूब उजेडात धरली, डोळे बारीक केले. भाऊ तिच्यासाठी चहा घेऊन येत होते.

तिनं नखानं ट्यूबला टिचकी मारली. टक. टक. टक. तीन.

भाऊ जागच्या जागी थांबले, कप बशीत खडखडला. आईनं आमच्याकडे पाहिलंच नाही. ती ट्यूबच्या तळाकडे पाहत होती, जिथं झाकणाला चिकटलेला एक थेंब येऊन बसला होता.

"हाये अजून थोडं," ती म्हणाली.